परीक्षक घरातच

आमचा भाचा कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घरातला. शेतकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. 1922 सालापासून भाताचं संशोधन चालणारं आडुतुरै जवळच, त्यामुळे प्रकल्प भाताचाच: एडीटी 43 या वाणाची रोपं किती अंतरावर लावावीत? अहवाल कधीच बांधून झाला. आता तोंडी परीक्षेची तयारी, म्हणजे स्वतःच्याच अहवालाची उलटतपासणी.

शिसपेन घेऊन तो पान उलटतो आणि प्रत्येक आकड्याशेजारी ‘का?’ लिहितो. मग बसच्या तिकिटाएवढ्या चिठ्ठीवर वर प्रश्न, खाली तीनच मुद्दे. ‘हेच वाण का?’ खाली: ‘कुरुवै, 110 दिवस, मध्यम बारीक’. पूर्ण वाक्य लिहायचं नाही, हा त्याचा दंडक. पाठ केलेलं वाक्य परीक्षकांनी मध्येच तोडलं की पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करावं लागतं. तीन मुद्दे कुठूनही उचलता येतात.

‘त्रुटीचे स्वातंत्र्यांश 12 कसे?’ ही चिठ्ठी तो चालता चालता म्हणतो. चार अंतरं, पाच पुनरावृत्ती. चारातून एक, पाचातून एक, तीन चोक बारा. मोरीच्या दारातूनही आवाज येतो, ‘तीन चोक बारा, सर!’

परवा मात्र जेवता जेवता उठला. वाफा 5 बाय 4 मीटरचा. पण 25 सेंटिमीटर अंतराच्या वाफ्यात कडेची एकेक ओळ सोडून कापणी केलेली, म्हणजे उरलं साडेचार बाय साडेतीन, 15.75 चौरस मीटर. त्यात धान निघालं 8.7 किलो. हेक्टरी साडेपाच टन होतं. पूर्ण 20 चौरस मीटरने भागलं तर साडेचार टनही भरत नाही. अहवालात कुठल्या क्षेत्राने भागलंय? पान सापडेपर्यंत सांबार निवलं. आकडा बरोबर निघाला, तरी चिठ्ठी झालीच: ‘कडा सोडल्या, निव्वळ क्षेत्र, 15.75’. म्हणाला, ‘मामा, विचारणारा इथंच पकडतो.’

तालमीला परीक्षक आजी. चिठ्ठी हातात घेऊन ती भलतंच विचारते.

‘कडेची ओळ का सोडली रे?’

‘आजी, कडेच्या रोपाला ऊन, वारा, खत जास्त मिळतं. ते फुगतं, सरासरी बिघडते.’

‘मग सगळी कडेलाच लावायची!’

यावर त्याच्याकडे चिठ्ठी नव्हती. पाच मिनिटं गप्प बसला, मग नवी फाडली.

शेवटची चिठ्ठी मर्यादांची: ‘एकच हंगाम, एकच शेत, दुसरं वाण नाही’. ती मात्र तो खाली मान घालून, पुटपुटत म्हणतो.

‘मोठ्यानं बोल,’ आजी म्हणाली, ‘आणि एकाच हंगामाचं असेल, तर सांबा आहेच की पुढं. पुन्हा लाव.’

‘आजी, सांब्याला हे वाण चालत नाही,’ म्हणत त्याने पेन काढलं.