दुधाचे खाडे आणि माझे

२ जून
डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारलं, "काका, आठवड्यातून किती वेळा होतं?" मी म्हणालो, "तसं रोज बसतो." त्या म्हणाल्या, "बसता किती वेळा ते नको, होतं किती वेळा?" अकरा वर्षं मी या दोन गोष्टी एकच समजत होतो. तीन, फार तर चार वेळा, तेही रात्री चमचाभर चूर्ण घेतल्यावर, असं उत्तर निघालं. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का, हे विचारून झालं. सगळ्याला 'नाही' म्हटलं. यातल्या एकालाही 'हो' आलं असतं, तर पुढचं सगळं सोडून आधी तपासण्या, असं त्या म्हणाल्या. थायरॉइडसाठी रक्त तेवढं घेतलं.

मग त्यांनी एक चित्र दाखवलं. ब्रिस्टल नावाच्या इंग्रजी शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ साली माणसाच्या विष्ठेचे सात प्रकार काढून ठेवलेत. एक नंबर म्हणजे सुट्या कडक गोळ्या, सात म्हणजे नुसतं पाणी. तीन-चार नंबर उत्तम. मी एकवर बोट ठेवलं. आमच्या गावाकडे याला लेंड्या म्हणतात आणि त्या शेळीने टाकायच्या असतात.

४ जून
थायरॉइड ठीक आहे. म्हणजे दोष माझाच. रोजची नोंद ठेवायला सांगितलंय. वेगळी वही केली तर ती कुणीतरी वाचणार, म्हणून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरच, ज्या दिवशी नाही झालं त्या दिवशी फुली.

९ जून
'हळूहळू वाढवा' असं बाईंनी तीनदा सांगितलं होतं. मी एकाच दिवसात पाव बंद केला, दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी आणि अर्धी पपई खाल्ली. आतड्यातल्या जंतूंना एवढ्या चोथ्याची सवय नसली की ते त्याचा वायू करतात. हे मला लोकलमध्ये ठाण्याच्या पुढे कळलं. गर्दी असूनही माझ्याभोवती हातभर जागा होती. आता रात्री एकच भाकरी. आठवड्याने उसळ, त्यानंतरच्या आठवड्यात पपई.

१४ जून
इसबगोल. दोन चमचे ग्लासभर पाण्यात टाकून लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. ढवळलं आणि मेहुण्याचा फोन आला. मेहुणा आहे तो, दहा मिनिटं गेली. परत येतो तर ग्लासात खळ. चमचा उभा राहत होता. "हे पोटात जाऊन पाणी धरतं, म्हणून माल मऊ राहतो," असं बाईंनी सांगितलं होतं. पाणीच कमी पडलं तर त्याचा आतच बूच होणार, हे ग्लासाकडे बघून कळलं. खळ टाकून दिली. हिने विचारलं, "अहो, मोरीत काय ओतलंत? पाणी जात नाहीये."

३० जून
महिनाअखेर. हिने दूधवाल्याचा हिशेब केला आणि पंधरा खाडे कापले. तो रडकुंडीला आला. "वहिनी, मी दोनच खाडे केले हो! पावसाच्या दिवशी आणि भावाच्या लग्नाला." ही दिनदर्शिका दाखवतेय, फुल्या मोजतेय. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्रामागे. शेवटी गरिबाच्या पोटावर पाय नको म्हणून बाहेर आलो आणि तेरा फुल्या माझ्या पोटाच्या आहेत असं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

उद्यापासून फुली नाही. चित्रातला नंबर लिहायचा, लाल शाईने.

६ जुलै
जूनमध्ये तेरा खाडे म्हणजे चोथा आणि पाणी यांनी अर्धंच काम झालं. बाईंनी आज पोटाचं सोडून दिनक्रम विचारला. सांगितला: सहाला उठणं, सव्वासहाला चहा, साडेसहाला कळ, पण त्या वेळी आत मुलगा, मग आंघोळ, डबा, सात अठ्ठेचाळीसची फास्ट. "आणि कळेचं काय?" त्यांनी विचारलं. "ती जाते," मी म्हणालो. "कुठे जाते?"

याचा मी कधी विचारच केला नव्हता. ती जात नाही. माल मागे सरकतो, मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं, संध्याकाळपर्यंत त्याचा खडा होतो. वर्षानुवर्षं असं परतवून लावलं की कळ येणंच मंदावतं. डोंबिवलीहून बावीस वर्षं गाडी चुकू दिली नाही, त्याचा हा बोनस.

पोटात काही पडलं की मोठं आतडं आपोआप आवळायला लागतं. झोपेतून उठल्यावर आणि न्याहारीनंतरच्या अर्ध्या तासात जोर सगळ्यात जास्त. तेव्हा हुकूम असा: साडेपाचला उठा, कोमट पाणी, चहा, सोबत काहीतरी खा आणि पावणेसहाला आत. मोबाइल नाही, वर्तमानपत्र नाही. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा. कुंथायचं नाही.

१० जुलै
कमोडवर पायाखाली काहीतरी हवं. गुदाशयाभोवती एक स्नायू फासासारखा असतो. खुर्चीसारखं बसलं की तो नळी वाकवून धरतो, उकिडवं बसल्यावर सैल सोडतो. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. आमच्या जुन्या चाळीत ही सोय फुकट होती. पाट ठेवून पाहिला, दोनच इंच. घरात नऊ इंचांची वस्तू एकच, म्हणून टेप घेऊन मोजत होतो, तेवढ्यात आई आली. "अरे, सत्यनारायणाचा चौरंग कशाला मोजतोयस?" खरं सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती. स्टेशनबाहेरून प्लास्टिकचं स्टूल आणलं.

१९ जुलै
पावणेसहाला आठ दिवस नुसताच बसून उठलो. नवव्या दिवशी, आज, चहाचा कप हातात असतानाच कळ आली. कप तसाच ठेवला. तीन नंबर, चार मिनिटांत. बाहेर येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "चहा गार झालाय."

२८ जुलै
चूर्ण आता एक दिवसाआड अर्धा चमचा. त्यात सोनामुखी आहे, ती आतड्याला ढोसून हलवते. बाई म्हणाल्या, एकदम तोडू नका, उतरवत आणा. डबी उशाशी ठेवतो. रोज घेत नाही, पण असलेली बरी.

११ ऑगस्ट
श्रावण. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, रात्री परत खिचडी. मंगळवारी कोरडा, बुधवारी एक नंबर. साबुदाण्यात चोथा जवळपास नसतोच, नुसती पिठूळ माया. आईला म्हटलं, पुढच्या सोमवारी राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी कर. तिने इतकंच विचारलं, "उपास देवासाठी करतोयस की त्यासाठी?"

२४ ऑगस्ट
चूर्णाची डबी उघडली तर आत मुंग्या. किती दिवस उघडली नव्हती ते आठवेना.

३१ ऑगस्ट
दूधवाला आला. महिनाभराचे खाडे माझे तीन, त्याचा एक. बाकी बहुतेक ठिकाणी लाल चार, मधूनच एखादा तीन. हिने आधीच सांगून टाकलं, "लाल आकडे दुधाचे नाहीत. ते यांचे आहेत."

तो दिनदर्शिकेजवळ गेला, बोटाने एकेक चौकोन बघत राहिला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, रोज चार-चार वेळा? आता मात्र डॉक्टरला दाखवाच."