नववी आकृती

‘एखादी आकृती वगळा’ म्हटलं की आमच्या सरांचा चेहरा सातबाऱ्यावरून नाव कमी झाल्यासारखा होतो. यवतमाळात गुलाबी बोंडअळीवर काम करणारे पुष्कळ आहेत. 2017 साली तिने विदर्भाचा कापूस पोखरला तेव्हापासून तर जास्तच. पण पोस्टरवर नऊ आकृत्या मांडून, नवव्या आकृतीपुढे कोणी थांबतं का हे दिवसभर खांबाआडून पाहणारे सर एकटेच.

अकोल्याच्या एका परिषदेसाठी त्यांचं पोस्टर निवडलं गेलं होतं. ऐनवेळी एक वक्ता गळला आणि निरोप आला: पोस्टरचंच भाषण करा, पंधरा मिनिटं, त्यातली तीन प्रश्नांना. सरांनी चहा निवायच्या आत तयारी उरकली. अख्खं पोस्टर पहिल्या स्लाइडवर चिकटवलं आणि नऊ आकृत्या कापून पुढच्या नऊ स्लाइडींवर लावल्या. “झालं बापा!”

झालं नव्हतं. 119 सेंटिमीटर उंचीचं पोस्टर 19 सेंटिमीटरच्या स्लाइडवर बसवलं की 24 पॉइंटचं अक्षर 4 पॉइंटचं होतं. त्यांच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने शेवटच्या बाकावरून विचारलं, “सर, आलेखाखाली मुंग्या लागल्या काय?” त्या तारखा होत्या.

मग तीच खुर्ची ओढून बसली. आकृती दिसली नाही तर भाषणातलं कोणतं वाक्य लंगडं पडतं, एवढंच ती प्रत्येक वेळी विचारी. नकाशा नसला तर? काहीच नाही, अकोलेकरांना यवतमाळ दाखवायचं कशाला? “त्यात सोळाही तालुके आहेत!” सर म्हणाले. सापळे दोनच तालुक्यांत होते. अळीचं जीवनचक्र? सभागृहात सगळे कीटकशास्त्रज्ञच. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि पतंगांची संख्या यांच्या सहसंबंधाचा तक्ता? पोस्टरपुढे उभा माणूस तक्त्यावर बोट फिरवत वाचू शकतो; खुर्चीत बसलेल्याला ते जमत नाही. त्यातलं एक वाक्य तोंडी सांगायचं. शेतकऱ्यांच्या मुलाखतींचा पाय चार्ट हा वेगळाच निबंध होता.

उरला कामगंध सापळ्यांचा आलेख. याला मात्र तिने पूर्ण स्लाइड दिली. आधी नुसते अक्ष आणि आठवर एक लाल रेषा, कारण एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय करायची वेळ झाली असं धरतात. ते बोलून झाल्यावर मगच पतंगांची ओळ, तीही एकाच गावाची. “बाकीच्या तीन गावांनी काय घोडं मारलं?” सरांनी कळवळून विचारलं. ती गावं करड्या रंगात मागे गेली.

बोंडांचं नुकसान पोस्टरवर खाली उजव्या कोपऱ्यात होतं आणि सापळे वर डाव्या. चालता वाचक मान वळवून दोन्ही जोडून घेतो. भाषणात गेलेली स्लाइड गेलीच. म्हणून पुढच्या स्लाइडवर सापळ्यांचा आलेख वर, बोंडांचा त्याच तारखांवर खाली. वीस हिरवी बोंडं फोडायची. दोनांत अळी निघाली तर दहा टक्के, म्हणजे धोक्याची पातळी. वरची ओळ आधी चढते, खालची मागाहून, कारण पतंगांनी अंडी घातल्यावरच अळी बोंडात शिरते, आणि शिरली की बाहेरून दिसतच नाही. सगळ्या भाषणाचा जीव या एका स्लाइडमध्ये होता आणि पोस्टरवर तशी आकृतीच नव्हती.

आभाराशेजारी डोमकळीचा तिकिटाएवढा फोटो होता: अळीने पाकळ्या आतून धाग्यांनी बांधल्याने न उमललेलं फूल. तो तिने पहिल्या स्लाइडवर मोठा केला. सरांना वाटलं, ही चेष्टा आहे.

खरी लढाई पुढे झाली. आलेखात मध्येच एक खळगा होता. पावसामुळे पतंग घटले, ही सरांची लाडकी उपपत्ती. विद्यार्थिनीने विचारलं, “ल्युर केव्हा बदललं?” मादीच्या गंधाची ती कुपी साधारण तीन आठवड्यांत मंदावते, मग शेतात पतंग असले तरी नर सापळ्याकडे फिरकत नाहीत. खळगा नेमका ल्युर बदलायच्या आधीचा होता. पोस्टरवर ही तारीख तळटीपेत पडून राहिली असती. सभागृहात पहिला हात त्यावरच वर जाणार. आलेखावर ल्युर बदलल्याच्या तारखांना बाण आले. सर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

तह असा झाला: सहाव्या स्लाइडवर ‘धन्यवाद’, आणि त्याच्यामागे, कोणी विचारलंच तर, उरलेलं सगळं.

अकोल्यात सर चक्क बाराव्या मिनिटाला थांबले. टाळ्या झाल्या. मागून एका गृहस्थांनी सहज विचारलं, “ते दोन तालुके नेमके कोणते?”

“नकाशा आहे!” सर असे ओरडले की माइक शिट्टी वाजवू लागला. नकाशामागून जीवनचक्र आलं, त्यामागून तक्ता. अध्यक्षांनी घंटा वाजवली तेव्हा सर पाय चार्टवर होते आणि प्रश्न विचारणारे गृहस्थ जेवणाच्या रांगेत.