सहकार्य अपेक्षित आहे

दहावीच्या वर्गशिक्षिकेने रात्री व्हॉट्सॲपवर लिहिले : ‘ताई, समीर जुलैत 24 पैकी 11च दिवस आला. दर सोमवारी दांडी. तुम्ही म्हणता ताप, तो म्हणतो मामाचं गाव. एकदा काय ते ठरवा! 75 टक्के भरले नाहीत तर बोर्डाच्या परीक्षेला अडचण येईल.’

हे उद्धट वाटते म्हणून कार्यालयाने रीतसर पत्र केले. जावक क्रमांक पडला, गोल शिक्का बसला आणि मजकूर उतरला : ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या पाल्याची उपस्थिती समाधानकारक नसल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपले सहकार्य अपेक्षित आहे.’

टोमणा गेला, बरेच झाले. पण त्याच्याबरोबर 11 दिवस, सोमवार आणि 75 टक्केही गेले. आईने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारले, ‘सहकार्य म्हणजे वर्गणी किती द्यायची?’

खरे तर काढायचा होता तो फक्त मामा. बाईंनी मग स्वतःच लिहिले : ‘जुलैतील 24 दिवसांपैकी समीर 11 दिवस हजर होता. दर सोमवारी तो गैरहजर होता. आजारपण असल्यास डॉक्टरांचा दाखला द्यावा, अन्य अडचण असल्यास शनिवारी शाळेत भेटावे. परीक्षेसाठी 75 टक्के उपस्थिती आवश्यक आहे.’ आरोप नाही, चढा सूर नाही, हिशेब मात्र पूर्ण.

मुख्याध्यापकांनी पत्र परत पाठवले. शेरा होता : ‘भाषा फारच समजण्यासारखी आहे.’