सहा-सातचा खुलासा

ज्या मनुष्यास चारचौघांत विनोदी म्हणून थोडीबहुत प्रतिष्ठा लाभली आहे, ज्याच्या कोट्यांना स्नेहसंमेलनाचे अध्यक्षदेखील, भाषण लांबलेले असतानाही, हसलेले आहेत, त्या मनुष्याला आपल्याच दहावीतल्या कन्येपुढे बसून एका विनोदाची शिकवणी घ्यावी लागावी, हा दैवाचा न्याय म्हणावा की सूड, याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही.

प्रकरण उद्भवले ते नवी पेठेतल्या एका दुकानात. परगावच्या आप्तांना चादरी धाडावयाच्या होत्या. तेव्हा मी गल्ल्यावरच्या वृद्ध मालकांना उद्देशून, 'रंग न जाणाऱ्या सहा-सात चादरी काढा,' असे म्हणालो मात्र, माझ्या कन्येने दोन्ही तळहात उताणे करून तराजूच्या पारड्यांप्रमाणे आळीपाळीने खालीवर केले, आणि घडवंचीवरून गठ्ठा उतरवणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पोराने गठ्ठा तसाच टाकून हुबेहूब तीच हस्तमुद्रा करीत 'सिक्स-सेव्हन!' अशी आरोळी ठोकली. दोघे हसून बेजार. मालक म्हणाले, 'काय झालं ओ साहेब, पोरं कशाला हसायलीत?' मी अज्ञ असूनही सुज्ञाप्रमाणे मान हलवली.

घरी रीतसर जबानी घेतली. फिलाडेल्फियाच्या स्क्रिला नामक गायकाच्या गाण्यात हे दोन आकडे येतात. सहा फूट सात इंच उंचीच्या लमेलो बॉल या बास्केटबॉलपटूच्या चित्रफितींना ते गाणे जोडले गेले. पुढे 2025 साली सामन्याला आलेल्या एका मुलाने हातवारे करीत तेच शब्द पुकारले आणि जगभरच्या शाळा दुमदुमल्या. त्याच वर्षी डिक्शनरी डॉट कॉम या कोशाने या आकड्यांना वर्षाच्या शब्दाचा मान दिला. 'ते सर्व दप्तरी नोंदले,' मी म्हणालो, 'पण अर्थ?' 'बाबा, अर्थ नाहीये. तुम्ही विचारताय ना, तेच फनी आहे.'

म्हणजे या विनोदाचे भांडवल मीच होतो! आमच्या काळी कोटी करणारा श्रोत्याच्या ज्ञानावर विसंबून असे. आत्र्यांच्या 'झेंडूची फुले'तील विडंबनाला हसायचे तर मूळ कवितेचा थाट आधी ठाऊक असावा लागे. येथे मात्र समोरच्याचे अज्ञान हीच मुद्दल. खुलासा मागणारा वडीलधारा भेटला की व्याज सुरू.

तथापि या बाबतीत आमची पिढी निरपराध होती असे मात्र नव्हे. आमची 'च'ची भाषा होती. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यावे व त्याच्या जागी 'च' बसवावा, म्हणजे 'घर'चे 'चरघ', 'मला'चे 'चलाम', आणि आमच्या या पुण्यनगरीचे 'चलापूरसो' होई. एकाक्षरी शब्दाला नुसता 'च' लावून मोकळे व्हावे. या विद्येत मी इतका निष्णात होतो की गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या घरघराटातही अस्खलित वाक्ये फेकीत असे. आणि मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषांची पोरे आमच्या आळीत तीच भाषा बोलत. महानुभावांनी आपल्या ग्रंथांसाठी सकळ लिपी सिद्ध केली. आम्ही आवळे चोरण्यासाठी ही. सारस्वताच्या इतिहासात आमची नोंद नाही, हा इतिहासकारांचा दोष.

एकदा गिरणीतून दमून आलेले माझे वडील ओट्यावर आमच्याजवळ टेकले आणि हसत म्हणाले, 'आम्हालाही शिकवा की रे.' आम्ही एकमेकांकडे पाहिले, 'च'मध्ये काहीतरी बोललो आणि अधिकच मोठ्याने हसलो. तेही थोडे हसले; कशाला, ते त्यांना कळले नव्हते. मग डबा उचलून आत गेले. नियम सांगायला मला क्षणभरही लागला नसता. माझी कन्या निदान चिडत चिडत का होईना, सांगते तरी.

सोलापुरात विनोद भाषेची वेस सहज ओलांडतो. तेलुगू पोराला जे निमिषात उमगले ते मराठीचा पदवीधर असून मला उमगले नाही. वेस होती ती वयाची, गल्ल्याच्या लाकडी फळीची नव्हे: अलीकडे मी, पलीकडे मालक, तरी आम्ही दोघे मिळून एका बाजूला.

ज्ञानप्राप्तीनंतर मौन पाळणे माझ्या स्वभावात नाही. खुद्द ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर शाळेतल्या मुलांबरोबर हे हातवारे करून बसले आणि तेथे त्या हातवाऱ्यांस बंदी असल्याचे त्यांना मागाहून कळले, मग माझी काय कथा? कन्येच्या मैत्रिणी आल्या असता, 'भजी किती वाढू?' या पत्नीच्या प्रश्नाला मी संधी साधून, तळहात तोलीत, उच्च स्वरात उत्तर दिले. कोणीही हसले नाही. सायंकाळी कन्या फोनवर कुणाला तरी सांगत होती, 'अगं, बाबापण म्हणायला लागलेत.' पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला: 'मग संपलं. नवीन शोधू.'