वयाचं गेज

मोजमाप हा माझा धंदा आहे. त्यामुळे कुणी "मला तर अजून पस्तिशीतच असल्यासारखं वाटतं" म्हणालं, की मला त्या माणसाचा नव्हे, त्याच्या गेजचा संशय येतो.

आमचं ओरगडम म्हणजे चेन्नईबाहेर वंडलूर-वालाजाबाद रस्त्यावरचा कारखान्यांचा पट्टा. मोटारी, ट्रक, बुलेट, टायर, सगळं इथून बाहेर पडतं. मी चिंचवडहून इथल्या एका सुट्या भागांच्या कंपनीत आले, ती मोजमापाची खोली सांभाळायला. ही खोली बाराही महिने 20 अंशांवर असते. धातू उष्णतेने फुगतो आणि मायक्रॉनचा हिशेब चुकतो, म्हणून लांबी 20 अंशांवरची धरायची हा जगभरचा नियम. बाहेर मे महिन्यात चाळीस अंश असतात, त्यामुळे शॉपवरच्या पोरांना पार्टचं माप तपासायची भारी हौस येते.

नवं गेज आलं की आम्ही त्याची परीक्षा घेतो. दहा पार्ट घ्यायचे, तीन माणसांनी ते प्रत्येकी दोन-तीनदा मोजायचे, आणि आधीचं रीडिंग कुणाला दाखवायचं नाही. मग आकड्यांमधला फरक पार्टमुळे किती आणि मोजण्यामुळे किती, ते काढायचं. मोजण्याचा वाटा तीस टक्क्यांच्या वर गेला, की गेज बाद.

या परीक्षेला मी मनातल्या मनात नवऱ्याला बसवलं. जन्मदाखल्याप्रमाणे तो पंचावन्नचा. रविवारी बॅडमिंटन जिंकून आला की पस्तिशीचा. 2023च्या डिसेंबरात मिचाँग वादळात वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर यावं लागलं, तेव्हा दारात टेकून म्हणाला, "अगं, सत्तरीचा झालो मी." पार्ट तोच, मोजणारा तोच, आणि रीडिंगमध्ये दुपटीचा फरक! आमच्याकडे अशा गेजला लाल स्टिकर लावून कपाटात बंद करतात.

मानसशास्त्रज्ञांनी मात्र हे गेज फेकलं नाही. रोजच्या रोज वयस्कर माणसांना "आज किती वर्षांचे असल्यासारखं वाटतंय?" असं विचारून त्यांनी नोंदी केल्या. ज्या दिवशी अंग दुखतं, कटकटी होतात, मन खट्टू असतं, त्या दिवशी वय वाढतं. म्हणजे चढउतार आहे, पण त्यामागे कारणही आहे. शिवाय पुष्कळ माणसांची सरासरी काढली की चूक कशी अगदी शिस्तीत वागते!

2006 साली डेव्हिड रुबिन आणि डोर्थे बर्न्टसेन या दोघांनी डेन्मार्कमधल्या 20 ते 97 वर्षांच्या 1,470 लोकांच्या उत्तरांवर एक लेख लिहिला. पंचविशीच्या आतल्यांना आपण आहोत त्याहून मोठे वाटतो, पंचविशीनंतर लहान वाटायला लागतो, आणि चाळिशीनंतर हा फरक वयाच्या साधारण वीस टक्क्यांवर येऊन थांबतो. म्हणजे पन्नाशीचा माणूस मनाने चाळीस, साठीचा अठ्ठेचाळीस, ऐंशीचा चौसष्ट. दशकभराची सूट पन्नाशीला मिळते. ऐंशीला ती सोळा वर्षांची होते.

हे वाचून मला फार आनंद झाला. चूक ठरावीक प्रमाणात असेल तर गेज टाकून द्यायचं कारण नाही, रीडिंगला सव्वाने गुणलं की काम भागतं. लगेच नवऱ्याला गाठलं. बॅडमिंटन नाही, कॅन नाही, नुसता सोफ्यावर बसला होता. म्हणाला, "असेन चव्वेचाळीस." सव्वाने गुणले, बरोब्बर पंचावन्न! पुण्याला सासूबाईंना फोन लावला. त्या ब्याऐंशीच्या. "मला बाई पासष्टच्या पुढचं काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. सव्वाक्याऐंशी. पाऊण वर्षाची चूक! आमच्या घरचं बीपीचं मशीनसुद्धा इतकं इमानदार नाही. अर्थात, दोन पार्टांवरून गेज पास करणाऱ्याला मी स्वतः खोलीबाहेर काढलं असतं. वीस टक्के ही डॅनिश लोकांची सरासरी. दुसऱ्या एका तुलनेत अमेरिकन लोक जर्मनांपेक्षा स्वतःला जास्त तरुण समजतात असं दिसलं. म्हणजे देशागणिकही काटा हलतो.

आमच्या ट्रेनी पोरांचा काटा उलट्या बाजूला. विशीचा एक डिप्लोमावाला परवा मायक्रोमीटर पुसता पुसता सुस्कारा सोडून म्हणाला, "वय झालं, मॅडम." त्याच्या डोक्यावर बाइकचा हप्ता आहे, बहिणीचं लग्न ठरतंय, आणि त्याच्या हाताखाली अठरा वर्षांचे दोन अप्रेंटिस आहेत, जे त्याला 'अण्णा' म्हणतात. त्या वयात मोठं असण्यात फायदा असतो: लायसन्स मिळतं, पगार वाढतो, कुणी ऐकून घेतं. पुढे चाळिशी गाठली की मोठेपणाचे फायदे वसूल झालेले असतात आणि नुसती बिलं यायची उरतात. मग मन गुपचूप पलीकडे सरकतं.

पण मन वय मोजतं ते कशाशी? आमच्याकडे गेज शून्यावर आणायला मास्टर रिंग असते. मास्टर झिजलेली असली की त्यावरून लावलेलं प्रत्येक माप चुकतं. माझ्या डोक्यातली पन्नाशीची मास्टर म्हणजे माझी आजी. पन्नाशीतच नऊवारी, बोळकं तोंड, हातात काठी, आणि "माझं काय आता राहिलंय" हे पालुपद. 1950च्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान चाळिशीच्याही आत होतं. आता ते सत्तरीच्या आसपास आहे. त्या आजीशी स्वतःला ताडून पाहिलं की मी काही पन्नाशीची ठरत नाही. यात अहंकार नाही, मास्टर जुनी आहे इतकंच. जर्मनीतल्या नोंदींमध्येही नंतर जन्मलेल्या पिढ्या त्याच वयात आधीच्यांपेक्षा स्वतःला अधिक तरुण समजताना आढळल्या.

दुसरं कारण सासूबाईंनी शिकवलं. सोसायटीतल्या बाकावर संध्याकाळी बायका जमतात. त्यांच्यात का बसत नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्यांच्यात कोण बसेल? नुसत्या गुडघ्यांच्या गप्पा." त्या 'म्हाताऱ्यां'मधली एक चौऱ्याहत्तरची आहे! यावरही अभ्यास झाला आहे. आपल्या वयोगटाबद्दल वाईटसाईट ऐकवलं, की माणूस त्या गटापासून अंग काढून घेतो आणि स्वतःला आणखी लहान समजतो. म्हातारपण हे नेहमी शेजारच्याला येतं.

शेजारी नसला तर रेल्वे आहेच. खालच्या बर्थच्या कोट्यासाठी तिने पुरुषांना साठाव्या वर्षी आणि बायकांना पंचेचाळिसाव्या वर्षी ज्येष्ठांच्या रांगेत बसवलं आहे. पंचेचाळिशीला पुण्याचं तिकीट काढताना मला तो बर्थ आपोआप मिळाला, तेव्हा मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. झोप मात्र छान लागली. तिकिटातली सवलत 2020च्या मार्चमध्ये बंद झाली. म्हणजे वय मान्य करण्याचा जो रोख मोबदला होता, तोही गेला.

आता खरा प्रश्न: असं वाटून काही होतं का? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वयस्कर माणसांना मुठीने दाबायचं यंत्र देऊन त्यांच्या पकडीचं बळ मोजलं. मग काही जणांना सांगितलं, "तुमच्या वयाच्या ऐंशी टक्के लोकांपेक्षा तुम्ही सरस आहात." त्या लोकांना आपण आणखी लहान असल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी खरोखरच जास्त जोराने दाबलं. ज्यांना काही सांगितलं नाही, त्यांची पकड होती तशीच राहिली. मी नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या वयाच्या ऐंशी टक्के पुरुषांपेक्षा तू कॅन चांगला उचलतोस." त्याने एका फेरीत दोन आणले. दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसला. प्रयोगात ते लिहिलेलं नव्हतं.

याची दुसरी बाजू गमतीची नाही. सतरा हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की ज्यांना आपण आठ ते तेरा वर्षांनी मोठे असल्यासारखं वाटतं, त्यांना पुढच्या काळात मृत्यूचा धोका 18 ते 29 टक्के जास्त होता. पण यावरून 'तरुण वाटून घ्या, जगाल' असं म्हणता येत नाही. आजारी शरीरच माणसाला म्हातारं वाटायला लावतं, आणि कशामुळे काय झालं हे अशा नोंदींतून सुटं करणं कठीण. मी यातून कामापुरतं एवढंच घेतलं: गेज रोज जरा चुकतं तर चुकू दे, पण वर्षानुवर्षं एका जागी असलेला काटा अचानक सरकला, तर पार्ट तपासायचा.

आमच्या स्टोअरमधली एक मैत्रीण चाळिशीची. कायम तिशीतल्यासारखी भिरभिरणारी. गेल्या वर्षी म्हणायला लागली, "मला साठीची झाल्यासारखं वाटतंय गं." दोन जिने चढली की धाप, दुपारी टेबलावर डोकं. सगळ्यांनी 'वय झालं' म्हणून समजूत घातली. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी रक्त कुठे जातंय ते शोधलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि काही महिन्यांत बाई पुन्हा तिशीत. वय झालं हे निदान नव्हे. तो तपासणी टाळायचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आमचे टूलरूमचे फोरमन यंदा साठीचे होतात. ते पत्नीला घेऊन तिरुक्कडैयूरला जाणार आहेत. यम सोळा वर्षांच्या मार्कंडेयाला न्यायला आला आणि शंकराने यमाला लाथ घातली, ती जागा हीच असं मानतात. मार्कंडेय मग कायमचा सोळा वर्षांचाच राहिला. मनाच्या वयातला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. तिथे साठीची जोडपी पुन्हा लग्न लावतात, हार घालतात, नवी ताली बांधतात. पंचांगही त्यांच्या बाजूने आहे: साठ संवत्सरं संपली की जन्माच्या संवत्सराचं नाव परत येतं, म्हणजे हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

नवऱ्याला हे ऐकून भलताच उत्साह आला. "पाच वर्षांनी आपणही जाऊ," म्हणाला. मी म्हटलं, जाऊ की. पण तेव्हा तू स्वतःला अठ्ठेचाळीसचा समजणार, आणि अठ्ठेचाळीसच्या धडधाकट माणसाने चहाचा कप सिंकमध्ये तसाच ठेवलेला मी एकदा चालवून घेतलाय. दुसऱ्या लग्नात ती अट आधी लिहून घेणार.