पेढा घेताना द्यावयाची नोटीस

भेसळीचा पेढा खाणं सोपं. तो कायद्याच्या चौकटीत बसवून खाणं फार अवघड. 2006च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यातलं कलम 40 ग्राहकाला मोठा अधिकार देतं. विकत घेतलेला पदार्थ त्याला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, आणि दोष निघाला तर फी परत मिळते. अट एवढीच की, हा पदार्थ तपासायला पाठवणार आहे, असं दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगायचं. म्हणजे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, काउंटरवर माणसावर माणूस चढलेला असताना, आपण म्हणायचं, "शेठ, अर्धा किलो पेढे द्या. प्रयोगशाळेत पाठवायचेत." शेठ कोणत्या ट्रेमधले देईल हे सांगायला विश्लेषक लागत नाही.

आमच्या शेजारच्या काकांना हे कलम पेढे खाल्ल्यानंतर कळलं. काका निवृत्त हेडक्लार्क. पेढ्याला दुधाचा वास नव्हता आणि टाळूला मेणचट थर बसत होता. त्यांनी एक तुकडा पाण्यात उकळला, थंड होऊ दिला आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले. पाणी शाईसारखं निळं झालं. स्टार्च! काकूंनी ते पातेलं पुन्हा वापरायला नकार दिला, हा पहिला निकाल.

दुसरा निकाल दुकानात लागला. "काका, खवा शुद्धच आहे. पेढा वळायला थोडा मैदा लागतो," शेठ म्हणाला. खव्यात स्टार्च चालत नाही. पण पेढा म्हणजे खवा नव्हे, असा हा युक्तिवाद. काउंटरमागच्या पाटीवर मात्र 'शुद्ध खव्याचे पेढे' असंच लिहिलेलं होतं. शिवाय आयोडीनला फक्त स्टार्च दिसतो, वनस्पती तूप दिसत नाही. खव्याच्या कोरड्या भागात दुधाचं फॅट किमान 30 टक्के असावं लागतं. ते फॅट दुधाचंच की डब्यातलं, हे प्रयोगशाळेतच कळतं.

काकांनी अर्ज केला. विषय, संदर्भ, महोदय. सोबत: बिलाची झेरॉक्स, निळ्या पाण्याचा फोटो, पेढा (अर्धा). बिल होतं, कारण हेडक्लार्क बिलाशिवाय श्वासही घेत नाही. त्यावर 2022पासून सक्तीचा असलेला चौदा आकडी परवाना क्रमांकही होता. फक्त मालाच्या रकान्यात 'मिठाई, 1 नग' एवढंच छापलेलं होतं. त्यामुळे काका त्या दुकानात गेले होते, एवढं निर्विवाद सिद्ध झालं. काय घेतलं, हे देव जाणे आणि शेठ जाणे. (खोक्याचं वजन पेढ्याच्या भावाने लावलं होतं, हे काकांनी अर्जात नमूद केलं. त्यासाठी वैधमापनचं कार्यालय वेगळं आहे, असं त्यांना सांगण्यात आलं.)

अर्धा पेढा साभार परत आला. उघडलेल्या खोक्यातला, दात लागलेला पेढा कायद्याच्या दृष्टीने नमुना होत नाही, आणि यात अधिकाऱ्याची काही चूक नाही. त्याला स्वतः दुकानातून नमुना घ्यावा लागतो, त्याचे चार भाग करून सील करावे लागतात. एक विश्लेषकाला, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि शेठने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस, शेठला अपिलासाठी 30. पेढ्याला मात्र असली मुदत नसते. तो आठवडाभरात ट्रेमधून जातो. अधिकारी पोहोचले तेव्हा दिवाळी संपली होती आणि ट्रेमध्ये ताजे, अस्सल खव्याचे पेढे होते. नमुना उत्तम निघाला. शेठने तो अहवाल चौकटीत लावून लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलाय.

तेव्हा यंदा शंका आली तर अर्जाची भाषा नंतर सुधारा. बिलावर 'पेढे' हा शब्द आणि वजन लिहून घ्या. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'अमुक तारखेपूर्वी खा' अशी पाटी ऑक्टोबर 2020पासून लावावीच लागते. तिचा फोटो घ्या, पाटी नसेल तर नसल्याचा घ्या. आणि त्याच दिवशी, तो ट्रे जागेवर असेपर्यंत, अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या क्रमांकावर फोन करा. माल कमी दर्जाचा ठरला तर दंड पाच लाखांपर्यंत, आणि खायला असुरक्षित ठरला तर तुरुंगही आहे. पण तो ठरायला माल दुकानात सापडावा लागतो.