आवाज कुणाचा?

साउंडबार घ्यायचा नाही, हे आमच्या घरात एकमताने ठरलं. म्हणजे ही म्हणाली आणि मी मान डोलावली. आणखी एक रिमोट, आणखी एक वायर आणि धूळ पुसायला आणखी एक वस्तू, असं तिचं म्हणणं. तेव्हा टीव्हीच्या पोटात जे स्पीकर असतील त्यांच्यावरच भागवायचं.

बोरीवली पश्चिमेच्या दुकानात विक्रेत्या मुलाने दोन मॉडेलं दाखवली, २० वॉटचं आणि ४० वॉटचं. "काका, चाळीस म्हणजे डबल आवाज!" पूर्वी टेपरेकॉर्डरवर हजार वॉट पीएमपीओचे चकचकीत स्टिकर पाहिलेल्या माझ्या पिढीला वॉटचा भरवसा उरलेला नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. फरक कळतो, पण कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. विसाचे दोनशे करा, मग डबल म्हणा.

शिवाय ते चाळीस जातात कुठे? चष्मा वर करून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली: २.१ चॅनेल, १० + १० + २०. डावीकडे दहा, उजवीकडे दहा आणि पाठीमागच्या वूफरला वीस. मालिकेतली सासू मुख्यतः डाव्या-उजव्यातून बोलते, म्हणजे तिच्या वाट्याला वीसच. उरलेले वीस ढोल वाजला किंवा तिने दार आपटलं तर. घुमणारे सूर वूफरने उचलले की लहान स्पीकर मोकळे होतात, हे खरं. पण आमच्याकडे ढोलापेक्षा टोमणे जास्त.

खरी मेख स्पीकरच्या तोंडात होती. दोन्ही मॉडेलांत ते खाली वळलेलं. दुकानात टीव्ही टेबलावर होता, त्यामुळे टेबलावर आपटून आवाज आमच्याकडे येत होता. घरी तो भिंतीवर लटकणार, खाली टेबल नाही. मग स, श, च, ट यांची धार आधी बोथट होणार, आणि शब्द कळतात ते याच धारेवर. वर पाचावर फिरणारा पंखा. ही आवाज वाढवणार. भांडण मोठं होईल, कारण कळणार नाही.

मी मुलाला धबधब्याचा डेमो बंद करायला लावून मराठी बातम्या लावायला सांगितल्या, त्याही भिंतीवरच्या टीव्हीवर आणि घरच्याइतक्याच आवाजात. कोपऱ्यातला एक तिसरा टीव्ही २० वॉटचाच होता, पण स्पीकर पडद्याखाली, थेट समोर तोंड करून. निवेदिकेचा शब्द न् शब्द लागला. "याला हनुवटी आहे," ही म्हणाली. स्पीकर समोर बसवायचे तर पट्टी रुंद होणारच. पण घेतला तोच.

आता सगळे संवाद स्वच्छ ऐकू येतात. परवा मालिका संपल्यावर ही म्हणाली, "अहो, काही कळत नव्हतं तेव्हा बरी वाटायची."